वक्र सरकला, पण कोणी सरकवला?

शेजारची बारावीतली मुलगी परवा संध्याकाळी अर्थशास्त्राचा सरावसंच घेऊन आली. आलेखकागदावर तिने नीट फूटपट्टीने काढलेली आकृती होती, आणि खाली तीन ओळींचं स्पष्टीकरण. प्रश्न साधा होता: अवकाळी पावसाने कांद्याचं पीक खराब झालं, तर बाजारात काय होईल? आकृती काढा आणि वक्र का सरकला ते थोडक्यात लिहा.

तिने लिहिलं होतं, "पावसामुळे पुरवठा घटला, म्हणून भाव वाढला. भाव वाढल्यामुळे मागणी घटली. म्हणून दोन्ही वक्र डावीकडे सरकले." आकृतीतही तसंच, पुरवठ्याची रेघ डावीकडे आणि मागणीचीही डावीकडे. दहापैकी चार गुण मिळाले होते.

"काकू, यात चुकलं काय? भाव वाढला की लोक कमी घेतात, हाच तर मागणीचा नियम!"

मी तिला एवढंच सांगितलं की, तुझ्याच आकृतीत नवा छेदनबिंदू शोध आणि तिथून भावाच्या अक्षापर्यंत तुटक रेघ ओढ. तिने ओढली. रेघ जुन्याच भावावर जाऊन टेकली. वर शब्दांत "भाव वाढला" आणि खाली आकृतीत भाव जागच्या जागी! दोघांपैकी एक कोणीतरी खोटं बोलत होतं.

असा सरावसंच आकृतीबरोबर दोन-तीन ओळींचं कारण का मागतो, ते इथे कळतं. नुसती आकृती पाठ करता येते, नुसतं वाक्यही पाठ करता येतं. दोन्ही एकाच पानावर मांडली की ती एकमेकांची साक्ष तपासतात.

दोन अक्षांची मर्यादा

आकृतीच्या उभ्या अक्षावर भाव असतो, आडव्या अक्षावर नगसंख्या. गणितात मुलांना नेमकं उलटं शिकवलेलं असतं. जे आधी बदलतं ते आडवं आणि जे त्यामुळे बदलतं ते उभं. अर्थशास्त्रातली ही मांडणी रूढ झाली ती मुख्यतः आल्फ्रेड मार्शल यांच्यामुळे. त्यांचा 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हा ग्रंथ १८९० साली आला. एवढा माल खपवायचा तर गिऱ्हाईक कोणता भाव द्यायला तयार होईल, अशा बाजूने ते प्रश्न विचारत. त्यामुळे भाव उभा राहिला तो आजतागायत.

पण कोणता अक्ष कुठे, यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कागदावर अक्ष दोनच आहेत. पाऊस, पगार, डिझेलचा दर, लग्नसराई, सरकारचा आदेश यांपैकी कशालाच कागदावर स्वतःची जागा नाही. मागणीची रेघ काढताना आपण हे सगळं जिथल्या तिथे गोठवून ठेवतो. पाठ्यपुस्तकातलं "इतर परिस्थिती स्थिर असताना" म्हणजे हेच गोठवणं.

यातून सरावसंचातला सगळ्यात उपयोगी नियम निघतो. जी गोष्ट अक्षावर आहे, म्हणजे त्याच मालाचा भाव, ती बदलली तर आपण रेघेवरूनच पुढेमागे चालतो. जी गोष्ट अक्षावर नाही ती बदलली, तर आख्खी रेघच उचलून दुसरीकडे ठेवावी लागते.

बारावीच्या पुस्तकात या दोहोंना वेगळी नावं आहेत. रेघेवरून चालणं म्हणजे विचलन, त्याचे विस्तार आणि संकोच असे दोन प्रकार. रेघच सरकणं म्हणजे बदल, त्याचे वृद्धी आणि ऱ्हास असे दोन प्रकार. मुलं ही चार नावं पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करतात, कारण रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच "मागणी घटली" म्हणतो. भाव चढला म्हणून मी एक किलोऐवजी अर्धा किलो कांदा घेतला तरी मागणी घटली, आणि श्रावण लागला म्हणून घेतलाच नाही तरी मागणी घटली. आकृतीत या दोन अगदी निरनिराळ्या घटना आहेत. पहिलीत रेघ हलत नाही. दुसरीत भाव तोच असूनही खरेदी कमी होते, म्हणून रेघ डावीकडे जाते.

तक्ता, पट्टी आणि पहिला प्रश्न

तिचा प्रश्न आता नीट सोडवू. आकडे सरावासाठी घेतलेले आहेत, मुद्दाम सोपे. एका गावच्या बाजारातली एका दिवसाची मागणी आणि पुरवठा क्विंटलमध्ये असा आहे:

| भाव (रु. किलो) | मागणी | पुरवठा | पावसानंतरचा पुरवठा |
|---|---|---|---|
| १० | ९० | ५० | ३० |
| २० | ८० | ६० | ४० |
| ३० | ७० | ७० | ५० |
| ४० | ६० | ८० | ६० |
| ५० | ५० | ९० | ७० |

उभ्या अक्षावर एक सेंटीमीटरला दहा रुपये, आडव्यावर एक सेंटीमीटरला दहा क्विंटल असं प्रमाण घ्यायचं. पाच-पाच बिंदू मांडून दोन रेघा ओढल्या की त्या ३० रुपये आणि ७० क्विंटलवर छेदतात. हा जुना समतोल.

आता पाऊस. शेतातच कांदा सडला, त्यामुळे कोणताही भाव मिळाला तरी पूर्वीपेक्षा वीस क्विंटल कमी माल येणार. नवी रेघ काढताना अंदाजाने तिरकी ओढू नये. जुन्या रेघेवरचा एक बिंदू घ्यावा, त्याच भावाला आडवं डावीकडे दोन सेंटीमीटर जाऊन खूण करावी. दुसऱ्या भावालाही तसंच करावं आणि दोन खुणा जोडाव्यात. हे आडवं मोजणंच "त्याच भावाला कमी माल" या वाक्याचं चित्र आहे.

इथे आणखी एक सापळा आहे. पुरवठ्याची रेघ डावीकडे नेली की डोळ्यांना ती वर गेल्यासारखी दिसते. त्यामुळे "पुरवठा वाढला" असं वाचलं की कित्येक मुलं रेघ वर नेतात आणि नेमका ऱ्हास काढून ठेवतात. म्हणून वक्र सरकवताना वर-खाली हे शब्दच वापरू नयेत. डावीकडे आणि उजवीकडे, एवढंच म्हणावं.

नवी पुरवठ्याची रेघ जुन्याच मागणीच्या रेघेला ४० रुपये आणि ६० क्विंटलवर छेदते. मागणीची रेघ हललेली नाही. गिऱ्हाईक त्याच रेघेवरून ७० वरून ६० वर चढत आलं. हा संकोच, ऱ्हास नव्हे.

मग मुलीने एक चांगला प्रश्न विचारला. "पुरवठा वीसने घटला, पण विक्री दहानेच कमी झाली. बाकीचे दहा कुठून आले?"

तेही आकृतीतच दिसतं. भाव तीसलाच राहिला असता, तर आले असते फक्त ५० क्विंटल आणि मागणारे असते ७० क्विंटलचे. या वीसच्या तुटीने भाव वर ढकलला. चाळीसचा भाव दिसताच कोणी चाळीतला राखून ठेवलेला कांदा काढला, कोणी लांबच्या गावाहून गाडी आणली. नव्या पुरवठ्याच्या रेघेवरून आपण ५० वरून ६० वर आलो. म्हणजे पुरवठ्यात आधी ऱ्हास झाला आणि मग त्या नव्या रेघेवर विस्तार झाला. तुटीतला अर्धा भाग ग्राहकाने हात आखडून भरला, अर्धा विक्रेत्याने जास्त माल आणून.

हे वाटप मागणीच्या रेघेच्या उतारावर ठरतं. समजा, गावकऱ्यांना कांद्याशिवाय चालतच नाही आणि भाव काहीही असो, ते ७० क्विंटलच घेतात. मग मागणीची रेघ सरळ उभी होईल आणि पावसानंतरचा छेद जाईल थेट ५० रुपयांवर. पाऊस तोच आणि नुकसानही तेवढंच, पण भाववाढ दुप्पट. कांद्याची आवक थोडी घटली की भाव एवढा का उसळतो, याचं बरंचसं उत्तर या उभ्या चढणीत आहे.

दुसरा प्रश्न: माल तेवढाच, कारण वेगळं

संचातला पुढचा प्रश्न मुद्दाम शेजारी ठेवलेला असतो. पाऊस नाही, पीक नेहमीसारखं आहे, पण कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अशी बंदी घातली होती, ती मे २०२४ मध्ये उठवली. बंदीची बातमी येताच नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांत भाव कोसळले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले.

आकृतीत काय करायचं? बंदीने शेतातला कांदा कमी झालेला नाही, म्हणून पुरवठ्याची रेघ जागेवर. पण लिलावात बोली लावणाऱ्यांपैकी परदेशी माल पाठवणारे व्यापारी हात मागे घेतात. त्याच भावाला मागणारे कमी झाले, म्हणून मागणीची रेघ डावीकडे. प्रत्येक भावाला वीस क्विंटल मागणी कमी धरली, तर वीस रुपयाला ६० क्विंटल मागणी आणि वीस रुपयाला ६० क्विंटलच पुरवठा. नवा समतोल २० रुपये आणि ६० क्विंटल.

आता दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून पाहा. पावसानंतर विक्री ६० क्विंटल, बंदीनंतरही ६० क्विंटल. फक्त आवकेचा आकडा वाचणाऱ्याला दोन्ही दिवस सारखेच वाटतील. फरक भावात आहे, एकीकडे ४० आणि दुसरीकडे २०. भाव आणि नग विरुद्ध दिशांना गेले, तर पुरवठ्याचा वक्र हलला असावा. दोन्ही एकाच दिशेने गेले, तर मागणीचा. बातमी न वाचताही बाजाराची नाडी अशी पाहता येते.

स्पष्टीकरणाच्या तीन ओळींत काय असायला हवं, तेही इथे ठरतं. पहिल्यांदा अक्षाबाहेरची घटना सांगायची. मग ती विकणाऱ्यांना लागू आहे की घेणाऱ्यांना, ते. मग त्याच भावाला माल जास्त की कमी, म्हणजे रेघ कोणत्या बाजूला. शेवटी नवा समतोल. "पुरवठा कमी झाला म्हणून पुरवठ्याचा वक्र डावीकडे गेला" हे कारण नव्हे, एकच गोष्ट दोनदा सांगणं झालं. आणि "भाव वाढला म्हणून वक्र सरकला" असं वाक्य दिसलं की समजावं, गाडी रुळावरून उतरली. भाव हा इथे निकाल आहे, आरोपी नव्हे.

एका मोठ्या माणसाची हीच चूक

ही गफलत फक्त बारावीच्या मुलांची नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातले हेन्री मूर हे आकडेवारीतून मागणीचे वक्र काढू पाहणाऱ्या पहिल्या अर्थशास्त्रज्ञांपैकी एक. १९१४ साली त्यांनी मका, गवत, ओट आणि बटाटा यांचे अनेक वर्षांचे भाव आणि उत्पादन मांडून मागणीच्या रेघा काढल्या. त्या पुस्तकात सांगतात तशा, उजवीकडे उतरत्या आल्या. मग त्यांनी हीच रीत भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाला लावली आणि रेघ चढती निघाली. भाव वाढला की लोखंडाची खरेदीही वाढते! हा नव्या प्रकारचा मागणीचा नियम आहे, असं त्यांनी मांडलं.

खरं काय घडलं होतं? मक्याच्या आणि बटाट्याच्या बाबतीत दरवर्षी हवामान पुरवठ्याची रेघ इकडून तिकडे ढकलत होतं आणि खाणारे तेवढेच होते. हलणारी रेघ स्थिर रेघेला निरनिराळ्या ठिकाणी छेदत गेली आणि ते छेदनबिंदू जोडले की आपोआप मागणीची रेघ उमटली. लोखंडाचं उलटं होतं. तेजी आली की बांधकामं आणि कारखाने जास्त लोखंड मागत, मंदीत कमी. म्हणजे मागणीची रेघ हलत होती आणि तिने पुरवठ्याच्या रेघेवर ठिपके सोडले होते. मूर यांनी पुरवठ्याच्या रेघेलाच मागणी म्हटलं. १९२७ मध्ये एल्मर वर्किंग यांनी एका लेखात हा गुंता नीट सोडवून दाखवला. बाजारातून आपल्याला वक्र कधीच मिळत नाहीत, मिळतात ते फक्त छेदनबिंदू. कोणती रेघ हलली ते बाहेरून कळल्याशिवाय त्या ठिपक्यांचा अर्थ लागत नाही.

सरावसंचातली "कारण लिहा" ही ओळ तेच मागते. कारणाशिवाय आकृती म्हणजे मूर यांचं लोखंड.

दोन्ही रेघा खरोखरच हलतात तेव्हा

तिसऱ्या प्रश्नात पाऊसही आहे आणि निर्यातबंदीही. आता पुरवठा वीसने डावीकडे आणि मागणीही वीसने डावीकडे. तीस रुपयाला दोन्ही ५०. भाव जिथे होता तिथेच, विक्री मात्र सत्तरवरून पन्नासवर.

म्हणजे मुलीने पहिल्या प्रश्नाला काढलेली आकृती चुकीची नव्हती, ती या तिसऱ्या प्रश्नाची होती. फक्त तिच्या हातात मागणी सरकवणारं दुसरं कारण नव्हतं. भाववाढीला तिने कारण मानलं, आणि एका घटनेचा हिशेब दोनदा लावला.

या प्रश्नात भाव न बदलणं हा निव्वळ आकड्यांचा योगायोग आहे. बंदीने वीसऐवजी दहाच क्विंटलची मागणी गेली असती, तर छेद पस्तीस रुपयांवर आला असता आणि तीसची गेली असती तर पंचवीसवर. म्हणून आकडे दिलेले नसतील, तेव्हा उत्तर लिहायचं ते असं: विक्री नक्की घटेल, भावाबद्दल मात्र कोणती रेघ किती सरकली ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. पुष्कळ मुलांना "सांगता येणार नाही" हे उत्तर लिहायची भीती वाटते. इथे तेच पूर्ण गुणांचं उत्तर आहे. आणि भाव स्थिर दिसला म्हणून बाजारात काही घडलंच नाही असं म्हणू नये, हेही इथेच शिकायला मिळतं. वीस क्विंटलचा व्यवहार गायब झाला होता.

आकृतीची मर्यादाही इथेच सांगायला हवी. सरळ रेघा हा सोयीचा भाग आहे. पाऊस आणि बंदी एकाच दिवशी येत नाहीत, आणि लासलगावच्या लिलावातला भाव पुण्यातल्या हातगाडीवर पोचेपर्यंत मधे वाहतूक, हमाली, अडत आणि सडलेल्या मालाची घट बसते. शेतकऱ्याच्या बाजाराची आकृती आणि गृहिणीच्या बाजाराची आकृती वेगळी काढावी लागते. एकाच कागदावर दोन्ही कोंबल्या की कारणांची सरमिसळ होते.

शेवटचा प्रश्न

संचातला चौथा प्रश्न असा होता: "पुढच्या महिन्यात कांदा महागणार, अशी बातमी आली. आजच्या बाजारावर काय परिणाम होईल?"

मुलीने पेन्सिल उचलली आणि थांबली. "यात तर भाव हा शब्दच आहे. मग रेघेवरूनच चालायचं ना?"

मी काहीच बोलले नाही. ती उभ्या अक्षाकडे बघत राहिली. मग तिने अक्षाच्या टोकाला "आजचा भाव" असं बारीक अक्षरात लिहिलं आणि मान हलवली. पुढच्या महिन्याच्या भावाला कागदावर जागा नव्हती. तो पाऊस आणि बंदी यांच्याच रांगेत बसणारा, बाहेरचा.

मग तिने मागणीची रेघ उजवीकडे नेली, कारण बातमी ऐकून घरोघर चार किलो जास्त कांदा भरला जाणार. पुरवठ्याची रेघ डावीकडे नेली, कारण चाळीत माल असलेला शेतकरी आज काढायचा नाही. खाली तिने लिहिलं, "भाव आजच वाढेल. विक्री वाढेल की घटेल ते सांगता येणार नाही."

वही मिटता मिटता म्हणाली, "म्हणजे महागणार म्हणून बातमी आली, तर त्या बातमीनेच आज महागतं." आकृतीत ते दिसतच होतं, तिने फक्त मोठ्याने वाचलं.